आठ, आठ, आठ, आठ, आठ

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. प्रोग्रॅमरांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तपासायचं, चुका शोधायच्या, हे तिचं काम. ते असं, की कधी दोन-दोन दिवस माशा मारायच्या आणि नवी आवृत्ती आली की मान वर करायला फुरसत नाही. टाइमशीट मात्र दर शुक्रवारी भरायची, आणि त्यात ताई तीन वर्षं एकच लिहीत आली: रोज आठ तास, काम 'तपासणी'. रिकाम्या वेळेची लाज वाटायची, जास्तीच्या तासांचं रडगाणं नको वाटायचं. भली माणसं अशीच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात.

घरी बाबा होते. वय ब्याऐंशी, कंबर गेलेली. तिला उशीर झाला की ते अंधारात बसून राहत, कारण दिव्याच्या बटणापर्यंत त्यांना जाववत नसे.

म्हणून तिनं साहेबांकडे तपासणीच्या कामात मदतीला एक माणूस मागितला. साहेब वाईट नव्हते. त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"तुम्हीच लिहून दिलंय ताई, आठवड्याला चाळीस. वर काय दाखवू मी?"

शीट तिनंच भरलेली होती.

सोमवारपासून तिनं कीबोर्डशेजारी डायरी ठेवली. काम बदललं की वेळ टिपायची, पाव तासाच्या हिशोबानं. शुक्रवारी त्यावरून शीट भरली. सोमवारी साडेतीन तास तपासणी, साडेचार तास नव्या आवृत्तीची वाट पाहणे. मंगळवारी पावणेबारा तास: दुरुस्त केलेल्या बावीस चुका पुन्हा तपासल्या, नऊ तशाच निघाल्या. बेरीज बावन्न झाली. 'वाट पाहणे' लिहिताना मात्र आपणच आपली चहाडी करतोय असं तिला वाटलं.

तासाभरात शीट परत आली. वाट पाहणं बरं दिसत नाही, ते तास तपासणीत घाला, असं साहेबांनी लिहिलं होतं. घाबरायलाही अंगात थोडी ताकद लागते, ती बावन्न तासांनी उरली नव्हती. ताईनं एक आकडा न बदलता शीट पुन्हा पाठवली.

साहेब टेबलापाशी आले. "या तासांचं बिल गिऱ्हाइकाला लावता येत नाही."

"नका लावू. पण ते गेलेत तसेच."

त्यांनी डायरी उघडली, उभ्यानंच सगळी वाचली. मग शीट मंजूर केली. एका आठवड्यावर कुणी माणूस देत नाही, म्हणाले; असे बारा आठवडे भरा, मग मी वर मागतो. त्यांचं खरं होतं, आणि याचाच तिला जास्त राग आला. तीन वर्षांचे आठ-आठ तिचेच होते.

घरी अंधार होता. ताईनं दिवा लावला आणि उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं. बाबांनी बोटांवर आठवडे मोजले.

"तीन महिने ना? तेवढा थांबतो मी."

पर्स खांद्यावरच ठेवून ताई बराच वेळ बटणापाशी उभी राहिली.