मागच्या बाजूला पंचेचाळीस सेंटिमीटर

दिनकर सबनीस जन्माचे भित्रे. सरकारी कचेरीत तीस वर्षं काढली, पण साहेबांच्या केबिनचं दार त्यांनी कधी पूर्ण उघडलं नाही. अर्ध्यातूनच आत सरकायचे. असा माणूस नोएडात प्लॉट घेतो आणि शेजारी खुराना निघतो, याला नशीब म्हणायचं.

सबनीस अजून दिल्लीत भाड्याने राहत. इकडे खुरानाने कंपाउंडची भिंत उभी केली. सबनिसांच्या बायकोला, अरुणाबाईंना, ती तिरकी वाटली, म्हणून दोघांनी टेप लावला. नकाशात प्लॉट दहा मीटर रुंद, पुढे आणि मागेही. पुढे दहा भरले, मागे नऊ पंचावन्न. एवढ्या रुंदीत घराचा नकाशा मंजूर होणार नाही, हे कळल्यावर दिनकरराव पत्र लिहायला बसले.

पत्र त्यांनी चार वेळा लिहिलं. ‘नकाशाप्रमाणे मागची रुंदी १०.०० मीटर, प्रत्यक्षात ९.५५, आपली भिंत ४५ सेंटिमीटर आमच्या हद्दीत आहे. कृपया संयुक्त मोजणी करावी.’ पण रजिस्टर पोस्टाने पाठवलं तर खुराना चिडेल. मग संक्रांत साधली. तिळगुळाच्या डब्यावर पत्र ठेवून त्यांनी ते हसत हसत हातात दिलं. पोच घ्यायची हिंमतच झाली नाही. खुरानाने लाडू खाल्ला, पत्र खिशात घातलं आणि पुढच्या आठवड्यात भिंत आणखी दोन हात वर चढली.

प्लॉट देणाऱ्या प्राधिकरणाच्या कचेरीत तक्रार घेऊन गेल्यावर ज्युनिअर इंजिनिअरने पहिलं विचारलं ते पोच कुठंय म्हणून. बाहेर आल्यावर अरुणाबाई म्हणाल्या, “तिळगूळ देऊन कुणी हद्द सोडतं का हो?”

दुसरं पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं. त्यानंतर फोन वाजला की ते न्हाणीघरात जाऊन उभे राहत. प्राधिकरणाने लावलेल्या मोजणीच्या दिवशी त्यांना वाटेतच परतावंसं वाटत होतं, पण बाईंनी दंड सोडला नाही.

इंजिनिअरने भिंतीच्या समोरच्या बाजूचा, प्लॉटचा ताबा देताना पुरलेला मागच्या कोपऱ्याचा दगड शोधला आणि तिथून टेप ओढला. दुसरं टोक भिंतीपाशी दिनकररावांकडे. ते आकडा वाचून पुन्हा पुन्हा टेप जुळवत राहिले. इंजिनिअरने वैतागून विचारलं, कितना आया? खुराना दोन पावलांवर उभा होता.

“नौ पचपन,” दिनकरराव म्हणाले. आवाज आपलाच आहे यावर त्यांचा विश्वास बसेना.

भिंत काढावी लागेल, असं इंजिनिअरने लिहून घेतलं आणि तो स्कूटरवरून निघून गेला. खुराना जवळ आला. ओरडला नाही. त्याने दिनकररावांच्या खांद्यावरची धूळ हळूच झटकली.

“सबनीस जी, घर बनाके रहना तो यहीं है ना?”

अरुणाबाई लांब उभ्या होत्या. दिनकररावांनी टेप गुंडाळला.

“जी,” ते म्हणाले. “यहीं.”