नाही म्हणायला लागलेला वेळ

उत्तरेश्वर कळंबकडचा, मी बार्शीचा. म्हणजे पुण्याच्या हिशेबात दोघेही ‘तिकडचे’. कर्वेनगरात एका सोसायटीच्या तळमजल्यावर शौनकसरांचा स्टुडिओ आहे. तिथे दर आठवड्याला कुणीतरी येऊन दोन-अडीच तास आयुष्य सांगतं. मी माइक लावतो आणि आवाज सांभाळतो. उत्तरेश्वर त्या अडीच तासांतून मिनिटाचे तुकडे काढतो आणि त्यांवर काय लिहायचं ते ठरवतो. लोक आमचा कार्यक्रम बघतात असं शौनकसर म्हणतात. खरं तर लोक उत्तरेश्वरचे तुकडे बघतात.

ही विद्या तो गावच्या पारावर शिकला. चार म्हातारे बोलत बसले की उद्या कुठलं वाक्य गावभर होणार, हे त्याला आधीच कळायचं. पुण्यात येऊन डिप्लोमा अर्धवट सुटला, पण हा कान सुटला नाही. पाहुणे बोलत असताना तो काचेपलीकडे बसलेला असतो आणि एखाद्या वाक्याला जिभेनं टॉक करतो. मी लगेच बघून घेतो, आवाज नीट आलाय ना. कारण ते वाक्य तुकड्यात जाणार असतं.

त्याचे कायदेही ठरलेले. तुकडा मागचं-पुढचं माहीत नसलेल्या माणसाला कळला पाहिजे. शौनकसरांचा प्रश्न कापायचा, कारण तो प्रश्नापेक्षा भाषण जास्त असतो. त्याऐवजी दोन ओळींत तोच प्रश्न पडद्यावर, वरच्या बाजूला लिहायचा. खाली लिहिला तर कार्यक्रमाच्या नावाखाली जातो, उजवीकडे लिहिला तर बटणांखाली. तोंडातलं वाक्य वर परत लिहायचं नाही. आणि सगळ्यात मोठा कायदा असा, की दोन ठिकाणची वाक्यं एकत्र शिवायची नाहीत.

“तसं केलं की माणूस जे बोललाच नाही ते बोलतो,” तो म्हणायचा. “ते लई सोपं हाय. म्हणून करायचं नाही.”

पद्मजाकाकू आल्या त्या दिवशी माइक लावून घेताना त्या माझ्याशी नाही, उत्तरेश्वरशी बोलल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला दोरी.

“ते छोटे छोटे आपण करता ना?”

“हो काकू.”

“मग मुलाखत आपल्यासाठीच आहे असं समजा. माझा मुलगा दोन तास काही बघणार नाही. त्याला दोन मिनिटं वरणभात खायला धीर नसायचा. छोटं असलं तर अंगठ्याखाली येईल कधीतरी.”

मुलाचं नाव ऋषी. पिऊन यायचा. एकदा फारच झालं, तेव्हा काकूंनी दाराला आतून कडी घातली आणि तो हाका मारत असताना काढली नाही. सकाळी पायरीवर फक्त त्याची एक चप्पल होती. त्याला आता बरीच वर्षं झाली. कुणी म्हणतं हिंजवडीत कुठल्याशा कंपनीच्या कँटीनला आहे, कुणी म्हणतं पिणं सुटलंय. फोन नाही, पत्ता नाही. म्हणून काकू, ज्यांना सोसायटीच्या हळदीकुंकवातसुद्धा स्वतःबद्दल बोलणं अशिष्ट वाटतं, त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या होत्या.

शौनकसरांनी विचारलंच, “पश्चात्ताप होतो?”

काकू गप्प बसल्या. मी हेडफोनमध्ये पंख्याची घरघर ऐकत होतो, मग त्यांचा श्वास, मग साडीच्या पदराचा आवाज. इतकी मोठी शांतता की मला वाटलं माइक गेला. मग त्या म्हणाल्या, “नाही.”

उत्तरेश्वरनं टॉक केलं.

त्या आठवड्यात तीन मुलाखती तुंबलेल्या. शौनकसर दर तासाला येऊन “उत्तऱ्या, कधी टाकतोयस?” म्हणत होते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. ती शांतता आपोआप शोधते आणि उडवते. ‘अं’, ‘म्हणजे’, श्वास, खाकरणं सगळं जातं आणि माणूस एकदम हुशार वाटायला लागतो. आमच्याकडे ती कायम चालूच असते. तुकडा तयार झाला. वर लिहिलं:

*रात्री मुलाला घराबाहेर ठेवलं.*
*आज पश्चात्ताप होतो?*

आणि खाली काकूंचा चेहरा. ओळ वाचून होईपर्यंत फटकन, “नाही.” मग कडीची हकिगत.

तुकडा धावला. आमचा आजवरचा कुठलाच असा धावला नव्हता. निम्मे लोक लिहीत होते ‘अशी आई वैऱ्यालाही नको’ आणि निम्मे लिहीत होते ‘प्रत्येक घरात अशी आई हवी’. दोघांनाही काकू दगडाच्या वाटल्या होत्या. फरक एवढाच, की काहींना दगड आवडतो. शौनकसरांनी सगळ्यांना मस्तानी पाजली.

दोन दिवसांनी काकू स्टुडिओत आल्या. फोन न करता. खुर्ची पुढे केली तर बसल्या नाहीत.

“छान झालंय,” त्या म्हणाल्या. “अक्षरही सुवाच्य आहे. फक्त एक विचारायचं होतं. नाही म्हणायला मला जो वेळ लागला, तो कुठे गेला?”

उत्तरेश्वर खुर्चीतून उठला.

“कापला, काकू.”

“कोणी?”

“ते आपोआप...” तो थांबला. “मी.”

काकूंनी फोन पुढे केला. अनोळखी नंबरावरून आलेला निरोप. *कळलं. बरं झालं विचारलं त्यांनी. ऋ.*

“लगेच फोन लावला,” काकू म्हणाल्या. “बंद. तेव्हापासून बंदच आहे.” आणि मग त्या बसल्या. खुर्चीवर नव्हे, जिथे होत्या तिथल्या केबलच्या खोक्यावर. “इतक्या वर्षांत एकदा त्याच्यापर्यंत गेले मी. आणि काय घेऊन गेले?”

उत्तरेश्वर तोवर काँप्युटरकडे वळलेला होता. त्यानं पहिला तुकडा काढून टाकला. शौनकसरांना न विचारता. सर आतून धावत आले.

“वेडा झालास का? चाललेली गोष्ट काढतात? खाली खुलासा लिहायचा होता!”

“खुलासा कोण वाचतंय सर? व्हिडिओ बदलता येत नाही. लिहिलेलं बदलता येतं, पण ती ओळ व्हिडिओच्या चित्रातच छापलीय.”

“मग मला तरी...” सरांनी काकूंना बघितलं आणि ते वाक्य तिथेच सोडून आत गेले. पुढचे कित्येक दिवस ते उत्तरेश्वरशी माझ्यामार्फत बोलत. मी शेजारीच बसलेलो असायचो, त्यामुळे निरोप पोचायला अडचण नव्हती.

पण काढून टाकल्यानं काय होतंय? तोपर्यंत इंटरनेटवरच्या दुसऱ्या पाच-सहा पानांनी तुकडा उचलला होता. एकानं आमची ओळ झाकून स्वतःची लाल अक्षरांत टाकली होती, *आई की वैरीण?* आणि मागे बासरी. उत्तरेश्वर एकेकाला हात जोडून लिहीत होता. एकानं उत्तर दिलं, ‘भावा, वायरल आहे, राहू दे ना.’ तेवढंच.

मग तो मूळ मुलाखत घेऊन बसला. या वेळी वेग न वाढवता. पहिल्या वेळी आम्ही सगळे दीडपट वेगानं ऐकतो, नाहीतर आठवडे पुरायचे नाहीत. आणि त्याआधी लिहून काढलेला मजकूर वाचतो, तोही यंत्रानं उतरवलेला, ज्यात सदाशिव पेठेचं ‘सदा शिव भेट’ झालेलं असतं. आता मात्र तो कान लावून बसला होता आणि पुढे कुठेतरी त्यानं खुर्चीवरून उडी मारली.

“हे ऐक.”

विषय भलताच होता. शौनकसर दिवाळीच्या चकलीबद्दल विचारत होते. काकू भाजणी सांगत होत्या आणि मध्येच, तशाच कोरड्या आवाजात म्हणाल्या, “आता एकटीसाठी करत नाही. आणि त्या दिवसापासून दाराला आतून कडी घालत नाही. चोराला यायचं तर येऊ दे बापडा. तर उडीद जरा कमी घ्यायचे...”

यंत्रानं ते ‘कडी पत्ता घालत नाही’ असं उतरवलं होतं. आणि आम्ही चकली म्हणून तो भाग सोडला होता.

“हे त्या प्रश्नाचं उत्तर हाय,” उत्तरेश्वर म्हणाला. “बाईनं उत्तर दिलंय. आपण थांबलो नाही.”

पण दोन ठिकाणची वाक्यं शिवायची नाहीत. तो स्वतःचाच कायदा पुटपुटत खिडकीजवळ येरझाऱ्या घालायला लागला. शिवलं तर पुन्हा खोटं, न शिवलं तर अर्धं. मी म्हटलं, “शीव ना, आईचं मन खरंच तसं असेल तर काय बिघडतं?” त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी माझ्या वायरी गुंडाळायला लागलो.

शेवटी त्यानं टाका दिसेल असा घातला. पहिला भाग, सगळी शांतता तशीच. मग काळा पडदा आणि त्यावर: *वीस मिनिटांनंतर. चकलीबद्दल बोलताना.* मग कडीचं वाक्य, भाजणीसकट.

अडचण शांततेची होती. लोक कंपनीच्या बसमध्ये आवाज बंद करून बघतात. हलत नसलेला चेहरा दिसला की त्यांना वाटतं नेट गेलं, आणि अंगठा पुढच्या व्हिडिओवर. उत्तरेश्वरनं कितीतरी ओळी लिहून पुसल्या. *आईचं मौन* लिहिलं आणि स्वतःच “थू” म्हणाला. मग लिहिलं:

*फोन अडकलेला नाही.*
*त्या विचार करतायत.*

काकूंना बोलावून आधी दाखवलं. त्यांनी पूर्ण बघितलं. “उडदाचं प्रमाण ठेवलंत, बरं केलंत,” म्हणाल्या.

तुकडा टाकला. तो चालला नाही. वैरीणवाला अजून पळत होता. आमचा वासरासारखा चार पावलं चालून बसला. उत्तरेश्वरनं वरची ओळ बदलून पुन्हा टाकला, वेगळ्या वेळी टाकला, हिंजवडीच्या लोकांची जी जी पानं सापडली तिथे पाठवला. तो जेवायला विसरायचा. मी डबा समोर उघडून ठेवायचो आणि तो फोनकडे बघत पोळी वरणाऐवजी पाण्यात बुडवायचा. काकू रोज त्या बंद नंबरावर तुकडा पाठवत होत्या. रोज एकच टीक.

एका दुपारी त्या पुन्हा आल्या. “किती जणांनी पाहिला?” उत्तरेश्वरनं आकडा सांगितला नाही, आलेख दाखवला. लोक किती वेळ थांबले त्याची रेघ. सुरुवातीला उंच, मग शांतता सुरू होते तिथे कड्यावरून ढकलल्यासारखी खाली. नंतर तळाशी एक बारीक शेपटी, पार शेवटपर्यंत.

“हे सगळे गेले?”

“हो काकू.”

“आणि ही शेपटी?”

“थांबलेली माणसं. थोडी हायत.”

“नावं कळतात?”

“नाही कळत.”

काकूंनी चष्मा काढला, दोरीला लोंबू दिला आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन त्या शेपटीकडे बघत राहिल्या. बराच वेळ. उत्तरेश्वर हलला नाही, मीही नाही. आतून शौनकसरांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर उत्तरेश्वरनं त्यांच्याकडे न बघताच हात वर केला.

“लहानपणापासून,” काकू अखेर म्हणाल्या, “मी गप्प बसले की तो जागचा हलायचा नाही. ओरडले तर पळायचा.” त्यांनी चष्मा चढवला. “उद्या परत टाका.”

उत्तरेश्वर परत टाकतो आहे. नंबर अजून बंद आहे.