काचपट्टीवरची अंगठी

शेजारची चांगुणा १९७१ साली इंटर सायन्स पास झाली, पण मेडिकलला तिचा नंबर लागला नाही. मी सोलापुरात एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. पुण्याच्या लॅब टेक्निशियन कोर्सचा फॉर्म घेऊन ती माझ्याकडं आली. "ईश्वरकाका, तुमच्यासारखा कोर्स करू का?"

मी खेकसलो, "लोकांची लघवी तपासत बसणार व्हय? असलं हलकं काम नको. परत परीक्षा दे, डॉक्टर हो!"

तिनं ऐकलं. पुन्हा नंबर हुकला, अन् घरच्यांनी तिचं करमाळ्याला लग्न लावून दिलं.

पाच वर्षांनी ती तापानं फणफणलेलं पोर घेऊन दवाखान्यात आली. मी पोराच्या बोटाचं रक्त काचपट्टीवर घेतलं, रंगवलं अन् सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. माझे डोळे तोवर थकले होते. दोनदा बघूनही काही सापडेना.

"मी बघू? इंटरला मलेरियाची पट्टी बघितलीया," म्हणत ती वाकली. पट्टी हळूहळू सरकवत राहिली, मग थांबली. "ही बघा, तांबड्या पेशीत जंतूची अंगठी. मलेरिया हाय."

खरंच होती. मी रिपोर्ट लिहिला.

तो हातात घेऊन ती म्हणाली, "काका, आता ह्याच कागदावर डॉक्टर माझ्या पोराला औषध देणार. अन् तुमी ह्याला हलकं काम म्हणाला होता."