एसीतली चाचणी

आमच्या सनस्क्रीनच्या प्रयोगशाळेतल्या ताईंना सगळे पाठीमागे ‘मिरची’ म्हणतात. पण त्यांचं डोकं फिरतं ते उगाच नाही.

क्रीममधला अ‍ॅव्होबेन्झोन हा फिल्टर त्वचेत खोल जाणारे किरण शोषतो, पण ऊन लागलं की स्वतःच तुटत जातो. त्याला सावरायला ताईंनी ऑक्टोक्रिलीन हा दुसरा फिल्टर घातला. उन्हासारखे किरण सोडणाऱ्या दिव्याखाली मिश्रण छान टिकलं. पण घाम आला की हे दोन्ही फिल्टर त्याच्यासोबत डोळ्यांत उतरायचे आणि झोंबायचे. मग ताईंनी बेमोट्रिझिनॉल हा नवा फिल्टर सुचवला. तो उन्हात स्वतः टिकतो, अ‍ॅव्होबेन्झोनलाही टिकवतो, म्हणजे ऑक्टोक्रिलीन काढून टाकता येतो. शिवाय घामात वाहणार नाही असा चिकट थरही हवा, असं त्या तीन मीटिंगांत घसा कोरडा करून सांगत होत्या.

चौथ्या मीटिंगमध्ये साहेबांनी जुनंच क्रीम कपाळाला फासलं. “कुठे झोंबतंय? काहीतरीच तुमचं!”

“एसीत बसून घाम येणार कुठून?” ताई कडाडल्या आणि त्यांना जिन्याने थेट गच्चीवर घेऊन गेल्या. भर दुपार होती. थोड्याच वेळात साहेब डोळे चोळत, रुमाल शोधत गोल गोल फिरू लागले.

आता तरी पटलं असेल, असं आम्हाला वाटलं. नाक ओढत साहेब म्हणाले, “फॉर्म्युला तोच राहू दे. लेबलवर टाका, डोळ्यांपासून दूर ठेवा.”

ताई म्हणाल्या, “कपाळ किती दूर ठेवायचं, साहेब?”