JALNA काही उलटं होईना

बीसीएसच्या पहिल्या वर्षाची, संगणकाच्या सी भाषेची प्रॅक्टिकल परीक्षा होती. त्यातच मला तीर्थपुरीचं स्थळ सांगून आलं होतं. वडिलांनी घरी एकच वाक्य ऐकवलं होतं, "नापास झाली तर पुस्तकं गुंडाळायची." सकाळी वडीगोद्रीहून एसटीनं जालन्याला येताना ते भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन शेजारी बसले होते.

चिठ्ठीत आलं, 'दिलेला शब्द उलटा करा'. जीव भांड्यात पडला. प्रोग्रॅम मला तोंडपाठ होता: पहिलं अक्षर शेवटच्या जागी, शेवटचं पहिल्या जागी, असं करत पुढे जायचं. लॅबमध्ये आम्ही सगळे NAYAN टाकायचो आणि NAYAN आलं की खूश व्हायचो. दोन्हीकडून सारखाच वाचता येणारा शब्द; आमच्या अकलेची कमालच म्हणायची!

बाहेरगावचे परीक्षक सर मागे येऊन उभे राहिले. "JALNA टाका."

पडद्यावर JALNA च आलं.

"हे उलटं?"

 तेवढ्यात लाइट गेली. सुटले, असं वाटलं. सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. "डोक्याला लाइट लागत नाही. ड्राय रन करा, प्रोग्रॅम कागदावर चालवून दाखवा."

मी पेन उचललं. i, म्हणजे फेऱ्या शून्यापासून मोजणारा आकडा, शून्य: J आणि शेवटचा A बदलले, AALNJ. i एक: ANLAJ. मी थबकले. उलटं तर झालं होतं! पण माझा लूप, म्हणजे अदलाबदलीच्या फेऱ्या, शब्दाच्या पूर्ण लांबीपर्यंत होता, म्हणून पुढे जावंच लागलं. i दोन: मधला L स्वतःशीच बदलला. i तीन: पुन्हा AALNJ. i चार: JALNA.

मेहनतीनं उलटं केलेलं मीच सुलटं करून ठेवत होते. भीतीनं आणि रागानं डोळे भरून आले. अटीतलं i < len खोडून i < len/2, म्हणजे निम्म्या लांबीपर्यंतच, असं लिहिलं. पाच भागिले दोन म्हणजे पूर्णांकात दोन. i शून्य आणि एक, बस्स. सरांनी कागद वरपासून खालपर्यंत तपासला, खाली सही केली आणि म्हणाले, "जमलं. जा."

वडील बाहेर कडुलिंबाखाली बसले होते. बरोबर आणलेली भाकरी फडक्यात तशीच बांधलेली. मला पाहून ते उभे राहिले.

"काय झालं?"

"सर जमलं म्हणाले."

ते पुन्हा खाली बसले. "तीर्थपुरीच्या लोकांना म्या कालच न्हाई म्हणून सांगितलं. पोरगी शिकून राह्यली म्हणलं. मंग तू आज नापास झाली असती तर..."

 भाकरीच्या फडक्याची गाठ त्यांना सुटेना; शेवटी ती मीच सोडली.