उंबऱ्यातून दिसणारा टीव्ही

आमची मुलं अजून सांगतात, आईला टीव्हीची आवड नव्हती. ते खरं नाही. तसं पहिल्यांदा मीच सांगितलं होतं.

मी तेव्हा दूध सोसायटीत नोकरीला होतो. सतत दुष्काळ. तरी हप्त्यावर काळापांढरा टीव्ही घेतला आणि समोरच्या खोलीत ठेवला. रविवारी सकाळी मालिका लागली की शेजारचे पुरुष टीव्हीसमोर बसायचे. बायको टँकरचं पाणी भरून यायची आणि बाजूला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात टेकायची. तिच्या समोरच्या भिंतीत पूर्वेची खिडकी होती.

"अहो, मला नुसतं पांढरं दिसतंय," ती म्हणायची.

मी ब्राइटनेसचं बटण पिळायचो. त्यानं काळे केससुद्धा राखेसारखे व्हायचे.

"आम्हाला तर दिसतंय की, वहिनी. डोळे तपासून घ्या," एक शेजारी म्हणायचा.

पुढं ती रविवारी जोंधळे निवडायला अंगणात बसू लागली. टीव्हीचा आवाज तिथवर यायचा. कुणी विचारलं की मी म्हणायचो, तिला आवड न्हाय.

एकदा ती सास्तूरला माहेरी गेली होती. घर रिकामं. रविवारी सकाळी टीव्ही लावून, भाकरी घेऊन मी सहज उंबऱ्यात बसलो. काचेत अख्खी खिडकी उतरली होती, गजांसकट. माणसं कुठंच दिसेनात, नुसती बोलत होती. भाकरी तशीच राहिली. खुर्चीवर येऊन बसलो, तर चित्र स्वच्छ. पुन्हा उंबऱ्यात गेलो, पुन्हा खिडकी.

त्याच दिवशी टीव्ही खिडकीच्याच भिंतीला, खिडकीच्या बाजूला हलवला. तोंड उंबऱ्याकडं. अँटेनाच्या वायरीला जोड दिला. आता खिडकी काचेत येईना, पण उजेड डोळ्यांवर येत होता. बायकोचं जुनं गर्द लुगडं दुहेरी करून खिडकीला लावलं. मग केस काळे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवला आणि काँट्रास्ट थोडा चढवला.

ती आल्यावरच्या रविवारी मी तिला हाक मारली. ती उंबऱ्यात बसली. मालिकेतल्या एका माणसाकडं बघत राहिली.

मग हळूच म्हणाली, "हा तोच व्हय? आवाजावरून मला म्हातारा वाटला होता. हा तर लई तरणा हाय."

तोच शेजारी खो खो हसला. "वहिनी, गोष्ट संपत आली अन् तुमची आत्ता वळख व्हायलीय!"

सगळे हसले. महिनोन्महिने तिनं ती माणसं नुसत्या आवाजावर घडवली होती, हे मला एकट्यालाच समजलं होतं. मला सांगता आलं असतं. मीही हसलो.

ती पदर सावरत उठली. "चुलीवर आमटी हाय," म्हणाली.

चूल पेटलेली नव्हती.