आठ बैशांचा जिना

मस्कतला, आमच्या रुवीच्या शेअर ब्रोकर ऑफिसात एक माणूस होता. त्याने नुसतं गुड मॉर्निंग म्हटलं तरी एसी सुधारायचा. थंडी वाजणाऱ्यांना ऊब आणि घामाघूम झालेल्यांना गारवा, एकाच वेळी. मी डोळ्यांनी पाहिलंय. तो रत्नागिरीचा, मी वसईचा. दोघांच्या गावांना समुद्र एकच लागतो, पण त्याच्या वाट्याला लाटा आल्या आणि माझ्या वाट्याला खारट वारा, एवढंच.

त्याचं काम ग्राहकांशी फोनवर बोलणं. माझं काम पान लिहिणं. रोज बाजार उघडण्याआधी ग्राहकांना जाणारं एक पान: काल काय झालं, आज कशावर नजर ठेवावी. ते पान गेली अनेक वर्षं मी लिहीत होतो, आणि मस्कतमध्ये माझ्याकडे माझं म्हणण्यासारखं तेवढंच होतं. दार्सैतचं घर भाड्याचं, गाडी बँकेची, आणि बायकोचं कौतुक त्या रत्नागिरीकराच्या नावावर.

कारण हा शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, आमच्याकडे जेवायला यायचा. आम्ही चर्चमधून यायचो, तो जुम्म्याच्या नमाजानंतर, आणि दोघांची भूक आमच्या दारात भेटायची. नाताळाशिवाय कढईला न दिसणारे, वसईचे ते मैद्याचे गोल फुगे बायको त्याच्यासाठी तळायची. एकदा तो म्हणाला, "वहिनी, असे फुगे अख्ख्या गल्फमध्ये नाहीत." त्यानंतर आठवडाभर मला सकाळचा चहा साखर विसरून मिळाला. आनंदात माणूस काय काय विसरतो.

तर या माणसाला मंत्र सापडला होता. अडतीस पॉइंट दोन, पन्नास, एकसष्ट पॉइंट आठ. शेअर शंभर बैशांवरून (बैसा म्हणजे इथल्या रियालचा हजारावा भाग) एकशे चाळीसवर गेला, म्हणजे चाळीस बैसे चढला, की तो दम खायला थोडा उतरतो. किती उतरेल? मंत्र सांगतो, चढाच्या साधारण अडतीस टक्के, नाही तर निम्मा, नाही तर एकसष्ट टक्के, आणि तिथून परत उठेल. हे आकडे एका जुन्या माळेतून येतात, जिच्यात पुढचा आकडा म्हणजे मागच्या दोघांची बेरीज: तीन, पाच, आठ, तेरा. आकड्याला पुढच्याने भागा, एकसष्टच्या आसपास टक्के येतात; एक सोडून पुढच्याने भागा, अडतीसच्या. शंख, सूर्यफूल, सगळ्यात ही माळ आहे असं तो ग्राहकांना सांगायचा. निझवाचे निवृत्त मास्तर, सोहारचे सिमेंटवाले, कुरुमच्या दंतवैद्य बाई, सगळे फोनवर सूर्यफूल ऐकून डोलायचे. माझं पान वाचून आजवर कोणी डोललेलं नाही. एकाने फक्त कळवलं होतं की अक्षर मोठं करा.

एका रविवारी, इथे आठवडा रविवारीच उघडतो, आमच्या मालकांनी, म्हणजे ज्यांना आम्ही पाठीमागे अर्बाब आणि समोर सर म्हणतो त्यांनी, दोघांना आत बोलावलं. अर्बाब ओमानी, पण हिंदी असं बोलतात की वाटावं दादरला वाढले. म्हणाले, शेअर कुठे थांबेल याच्या या पातळ्या ग्राहकांना आवडतात. पुढच्या महिन्यापासून पानावर वर पातळ्या, त्याच्या नावाने आणि फोटोसकट. माझ्या नावाचं काय, हे मी विचारलं नाही. फोटो आला की खाली कोणासाठी जागा उरते? पण अर्बाब सावध माणूस. लोक याच्यावर पैसे लावतील, म्हणाले, तेव्हा आधी कोणीतरी तपासा, हे खरंच होतं का.

मी इतक्या जोरात हात वर केला की पंख्याने कापला असता.

रत्नागिरीकर खुशीत हसला. "तपास भावा, तूच तपास. तुझ्यापेक्षा बारीक कोण बघतो?" आता बघा, यात टोमणा शोधायला मी दोन दिवस घालवले. सापडला नाही. हेच त्याचं वाईट.

काम मी जल्लादाच्या निष्ठेने केलं. आकडे बघण्याआधीच नियम लिहून टाकले, म्हणजे नंतर मला हवं तसं वळवता येऊ नये. शेअर रोज सर्वसाधारणपणे जेवढा हलतो, त्याच्या ठरावीक पट चढला तरच चढ मोजायचा. ठरावीक पट मागे आला तरच उतार. आणि तिथून पुन्हा तेवढाच उठला तरच तो उतार तिथे थांबला असं मानायचं. मग प्रत्येक थांब्याला विचारायचं, चढाचे किती टक्के उतरलास? उत्तर मंत्राच्या आकड्याच्या एक टक्का अलीकडेपलीकडे असेल तर लागला. मस्कतचे झाडून सगळे शेअर घेतले, वर भारतातले ढीगभर.

पण नुसते किती लागले हे मोजून भागत नाही. आंधळ्याने दगड मारला तरी काही आंबे पडतातच. म्हणून मी प्रत्येक शेअरच्या रोजच्या हालचाली पत्त्यांसारख्या पिसल्या, आणि त्या पिसलेल्या क्रमाने खोटी किंमत पुन्हा रचली. अशा हजारो खोट्या बाजारांत, जिथे कोणाला सूर्यफूल माहीत नाही, किती थांबे मंत्रावर पडतात? खऱ्या बाजारात त्याहून जास्त पडले तरच मंत्रात दम.

बायकोला हे सगळं मी रोज समजावत होतो. ती मासे साफ करत ऐकायची. शेवटी एकदा म्हणाली, "अहो, पण तो सांगतो ते सोपं असतं."

मस्कतचा निकाल स्क्रीनवर आला. किती टक्क्यांवर किती थांबे पडले याचा आलेख काढला, तर खऱ्या किमतींच्या आलेखात टेकाडं होती. एक अडतिसाजवळ, एक पन्नासावर, एक एकसष्टाजवळ. खोट्या किमतींचा आलेख मात्र टक्कल पडल्यासारखा गुळगुळीत. मंत्र खरा! मी खुर्चीत असा बसलो की खुर्चीला माझी दया आली. त्याला आवाज दिलाय, उंची दिलीय, फुगे दिलेत, आता गणितसुद्धा?

साधा भला माणूस असता तर त्याने तिथेच अभिनंदन केलं असतं. मत्सर माणसाला तसं सुटू देत नाही. मत्सरासारखा मेहनती मुनीम नाही. मी एकेक चढ उघडून बघायला लागलो, कुठेतरी मंत्राचा पाय घसरलेला दिसावा म्हणून. आधी रत्नागिरीकराचा लाडका शेअर काढला, शंभर-सव्वाशे बैशांत घुटमळणारा, ज्याच्यावर मंत्र हमखास चालायचा. चढ केवढा? आठ बैशांचा. पुढचा? पुन्हा आठ. त्यापुढचा तेरा. आलेख मोठा केला तर रेघ कुठली, चक्क जिना.

आणि मी मोठ्याने हसलो. शेजारच्या टेबलाने फोन खाली ठेवला.

आमच्या बाजारात शेअर एकेका बैशाने सरकतो. अर्धा बैसा नाही. आठ बैसे चढलेला शेअर उतरेल तर पायरीवरच उभा राहील: तीन पायऱ्या उतरला की साडेसदतीस टक्के, चार की पन्नास, पाच की साडेबासष्ट. तिन्ही मंत्राच्या अंगणात! तेरा चढला आणि पाच किंवा आठ उतरला, तरी तेच अंगण. जिन्यावर माणूस दोन पायऱ्यांच्या मध्ये तरंगत नाही, यात सूर्यफुलाचं काय कौतुक? आणि माझ्या खोट्या किमती मी रचल्या होत्या लांबलचक दशांशांत, त्यांना पायऱ्याच नव्हत्या. जिन्याची तुलना मी घसरगुंडीशी केली होती.

मग खोट्या किमतीही दशांश कापून बैशाबैशाला गोल केल्या आणि पुन्हा चालवलं. टेकाडं उगवली, तीच, तिथेच, तेवढीच. सूर्यफूल न पाहिलेल्या बाजारात! उलट बाजूनेही पाहिलं. जिथे चढात पायऱ्याच पुष्कळ होत्या, म्हणजे मस्कतचे महाग शेअर आणि भारतातले शेकडो रुपयांचे, जे पाच पाच पैशांनी सरकतात, तिथे खरं आणि खोटं गळ्यात गळे घालून सपाट. पन्नासावरसुद्धा काही नाही. खलास.

सभेच्या दिवशी मी इस्त्री अशी केली होती की बाही कोणाला लागली असती तर टाके पडले असते. सगळं दाखवलं, जिना काढून दाखवला. हे आमच्या शेअरांबद्दल आणि माझ्या नियमांपुरतं आहे, हेही सांगितलं, कारण खरं जिंकताना माणसाला उदार व्हायला परवडतं. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. याच घटकेसाठी मी जगलो होतो.

त्याने एकच विचारलं, "गोल केल्यावर टेकाडं तेवढीच?"

"तेवढीच," मी म्हणालो.

त्याने आलेखातल्या पायऱ्या बोटाने मोजल्या. मग म्हणाला, "मग एवढी वर्षं मी लोकांना पायऱ्या विकल्या की रे." आणि हसला, खरं खरं, पोट धरून. अर्बाबही हसले. सगळी खोली हसली. माझ्या विजयाला कोणी नुसता हातसुद्धा लावला नाही.

अर्बाबांनी निकाल दिला. पातळ्या नाहीत. फोटो नाही. पान माझं, माझ्याच नावाने. मी मान अशी झुकवली की गळ्यात मेडल पडायला सोयीचं जावं. तेव्हा ते पुढे म्हणाले, पण ग्राहकांना हे समजावणार कोण? आणि खोलीतली सगळी डोकी एकाच दिशेला वळली. माझ्या नव्हे.

शुक्रवारी तो बौशरला बहिणीकडे गेला होता, त्यामुळे फुगे नव्हते. जेवताना बायकोने फोन पुढे ठेवला. त्याने ग्राहकांना पाठवलेला व्हॉइस मेसेज तिच्यापर्यंतही पोहोचला होता. त्याचा आवाज कुठे पोहोचत नाही? त्यात तो सांगत होता की बाबांनो, मी चुकलो, शेअर जिन्यावर राहतो, आणि जिन्यावर थांबायला पायरीच लागते, तेव्हा माझे आकडे विसरा. हे आमच्या भावाने शोधलं, असंही म्हणाला. माझं नाव घेऊन, दोनदा. तक्रारीला बोट ठेवायलासुद्धा जागा सोडली नाही मेल्याने.

"बघा," बायको म्हणाली, "आता कळलं मला. जिना. तुम्ही इतके दिवस काय ते पिसत होतात."

"जिना माझा आहे," मी म्हणालो.

"हो, तो म्हणालाच की तसं." ती कौतुकाने फोनकडे बघत होती. "किती मोठं मन."

मी भात कालवला. रविवारी सकाळी पान लिहायचं होतं, माझं पान, माझ्या नावाचं, आणि निझवाच्या मास्तरांनी आधीच कळवलं होतं की ते त्याच्याच आवाजात ऐकायला मिळालं तर बरं.